पार्सल दारात, पैसे कोणाच्या खात्यात?

ऑर्डर देताना आपण ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडतो खरं, पण पार्सल दारात आल्यावर कपाटातून नोटा काढणं आणि सुट्टे शोधणं हे बऱ्याच घरांतून आता थांबलं आहे. कुरिअरवाला मोबाइल पुढे करतो, त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, आपण तो स्कॅन करतो, पिन टाकतो आणि दार लावून घेतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. त्या मिनिटात एक गोष्ट मात्र आपण क्वचितच पाहतो. समोर धरलेला कोड कुणाचा आहे? कंपनीने नेमका याच पार्सलसाठी काढलेला, की त्या मुलाच्या स्वतःच्या बँक खात्याचा? दिसायला दोन्ही सारखेच असतात आणि पैसेही दोन्हींतून तितक्याच झटकन जातात. काही बिघडलं की मग फरक कळतो, आणि तेव्हा तो फार मोठा असतो.

एक उदाहरण घेऊन सगळा व्यवहार सुरुवातीपासून पाहू. समजा, सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एका काकूंनी १,२४९ रुपयांचा प्रेशर कुकर मागवला आहे आणि पैसे दारात द्यायचं ठरवलं आहे. पार्सल सकाळी कुरिअर कंपनीच्या हबवर येतं. तिथे भागाभागाप्रमाणे पार्सलं लावली जातात आणि विश्रामबागेत फिरणाऱ्या मुलाच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपमध्ये दिवसभराची यादी उतरते. प्रत्येक पार्सलला स्वतःचा ट्रॅकिंग नंबर असतो. ज्यांचे पैसे आधीच भरलेले आहेत त्यांच्यापुढे शून्य, आणि काकूंच्या पार्सलपुढे ‘घ्यायची रक्कम १,२४९’. ही रक्कम त्या मुलाच्या नावावर चढलेली असते, हे लक्षात ठेवायला हवं. संध्याकाळी हबवर परतताना त्याला एकतर पार्सल परत द्यावं लागतं, नाहीतर पैसे.

“काकू, कॅश की स्कॅन?” तो दारात विचारतो. “स्कॅनच करते,” काकू म्हणतात. तो ॲपमध्ये ऑनलाइन पैशांचा पर्याय दाबतो. त्याच्या मोबाइलवरून कंपनीच्या सर्व्हरला निरोप जातो की अमुक ट्रॅकिंग नंबरसाठी कोड हवा आहे. सर्व्हर त्याच्याशी जोडलेल्या पेमेंट कंपनीकडून कोड बनवून घेतो आणि तो मुलाच्या पडद्यावर उमटतो. बहुतेक वेळा त्याच्या वर किंवा खाली १,२४९ हा आकडा दिसतो, आणि कोड किती मिनिटं चालेल हेही काही ॲप दाखवतात. हा कोड पाच मिनिटांपूर्वी अस्तित्वातच नव्हता आणि थोड्या वेळाने निरुपयोगी होणार आहे. या प्रकाराला डायनॅमिक कोड म्हणतात.

क्यूआर कोड म्हणजे ठिपक्यांत लिहिलेलं एक वाक्य असतं, एवढंच. काकूंच्या मोबाइलने तो वाचला की आतून साधारण अशी ओळ निघते. यातली नावं आणि क्रमांक नमुन्यादाखल आहेत:

```
upi://pay?pa=courierco@examplebank&pn=Courier%20Co&tr=SGL0458127731&am=1249.00&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठल्या यूपीआय पत्त्यावर जायचे ते, `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव, `am` म्हणजे रक्कम, `cu` म्हणजे चलन. आपल्या कामाचा खरा तुकडा आहे `tr`. हा या एका व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. पैसे पोचल्यावर ते कुणाच्या कुकरचे आहेत हे कंपनीला यावरूनच समजतं. त्याच दिवशी कंपनीच्या खात्यात १,२४९ रुपये आणखी दहा जणांकडून आले तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाचा `tr` वेगळा.

आता किराणा दुकानात प्लास्टिकच्या उभ्या पाटीवर छापलेला कोड आठवा. त्यातल्या ओळीत पत्ता आणि नाव असतं, पण रक्कम नसते आणि कुठल्या एका बिलाचा क्रमांकही नसतो. तो महिनोन्‌महिने तोच राहतो. रक्कम आपण टाइप करतो आणि दुकानदार पैसे मिळाल्याचं बोलून दाखवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे कान लावतो. हा स्टॅटिक कोड. दुकानात तो चालतो, कारण दुकानदार, माल आणि गिऱ्हाईक एकाच ठिकाणी असतात. पार्सलच्या व्यवहारात ज्याच्याकडून माल घेतला तो विक्रेता कदाचित सुरतेत असतो, माल आणणारी कंपनी तिसरीच असते आणि दारात उभा असलेला मुलगा त्या दोघांच्या वतीने आलेला असतो. म्हणून इथे व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असणं अत्यावश्यक आहे.

कोड वाचला गेला की काकूंच्या ॲपवर नाव आणि रक्कम येते. इथे त्यांनी दोन सेकंद थांबावं, असं मी आग्रहाने म्हणेन. रक्कम आपोआप भरलेली आली का? १,२४९ च आहे का? आणि नाव कुणाचं आहे? यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२५ मध्ये सगळ्या ॲपना बंधनकारक केलं की पैसे देण्यापूर्वी घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवलं गेलं पाहिजे. कोडमध्ये कुणी हौसेने घातलेलं किंवा आपण मोबाइलमध्ये साठवलेलं टोपणनाव चालणार नाही. त्यामुळे हा पडदा आता पूर्वीपेक्षा जास्त भरवशाचा आहे. नाव ज्या दुकानाच्या साइटवरून माल घेतला त्याचंच असेल असं नाही. ते कुरिअर कंपनीचं असू शकतं किंवा पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट कंपनीचंही असू शकतं, कारण दारात पैसे वसूल करून विक्रेत्याला पोचवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. एखाद्या माणसाचं नाव आलं आणि रक्कम रिकामी असली, तर मात्र हा त्या मुलाच्या खात्याचा कोड आहे असं समजायला हरकत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

काकू पिन टाकतात. हा पिनचा पडदा फोनपे, गुगल पे किंवा भीम असं कुठलंही ॲप असलं तरी एनपीसीआयने दिलेल्या सुरक्षित भागातून उघडतो आणि पिन तिथेच कुलूपबंद होऊन पुढे जातो. ॲपला तो वाचता येत नाही. मग निरोप एनपीसीआयकडे जातो, तिथून काकूंच्या बँकेकडे. बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, १,२४९ रुपये वजा करते आणि तसं कळवते. एनपीसीआय मग पैसे घेणाऱ्या बँकेला सांगते की कंपनीच्या खात्यात इतके जमा करा. ती बँक जमा केल्याचं उत्तर देते आणि ते उत्तर उलट्या वाटेने काकूंच्या मोबाइलवर हिरव्या खुणेच्या रूपात येतं. एवढे हात बदलूनही सहसा काही सेकंदच लागतात.

पण दारातला व्यवहार इथे संपत नाही, आणि बरेच वाद नेमके इथूनच सुरू होतात. काकूंच्या मोबाइलवर हिरवी खूण आली तरी मुलाच्या ॲपवर अजून कोडच दिसतोय. “झाले की पैसे, हे बघ,” काकू म्हणतात. “माझ्याकडे आले नाहीत अजून, थांबा जरा,” तो म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. पैसे जमा झाल्याची बातमी त्याच्या मोबाइलवर वेगळ्या वाटेने येते: कंपनीच्या बँकेकडून पेमेंट कंपनीकडे, तिच्याकडून कुरिअर कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून त्याच्या ॲपमध्ये. ही साखळी लांब आहे आणि तिचा शेवटचा दुवा जिन्यात उभ्या असलेल्या मुलाच्या मोबाइलची रेंज आहे. सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या शेजारी रेंज नसली तर पैसे पोचूनही त्याला कळत नाही. अशा वेळी त्याला दोन पावलं बाहेर जाऊन ॲप ताजं करू द्यावं. आपल्याला तेवढा एक मिनिट असतो.

तो आपल्या पडद्यावर का विश्वास ठेवत नाही, याचं काही जणांना वाईट वाटतं. वाटून घेऊ नये. पैसे गेल्याचा हुबेहूब खोटा पडदा दाखवणारी बनावट ॲप मिळतात, जुन्या व्यवहाराचा फोटो दाखवणारेही भेटतात. त्याच्या ॲपमध्ये व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद आली नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या नावावर तशीच उभी राहते आणि संध्याकाळी त्याला ती भरावी लागू शकते. आपल्या मोबाइलवरची खूण त्याच्या काही उपयोगाची नसते. त्याच्यासाठी पुरावा एकच: त्याच्या ॲपने ‘पैसे मिळाले’ म्हणून पार्सल ‘डिलिव्हर्ड’ करू देणं. चांगल्या ॲपमध्ये पैसे मिळाल्याची बातमी आल्याशिवाय ते बटणच उघडत नाही.

हे सगळं इतकं काटेकोर का करावं लागतं, हे आपल्याकडच्या जुन्या पद्धतीशी ताडून पाहिलं की लक्षात येतं. वस्तू दारात आणि पैसेही दारात, ही कल्पना भारतात टपाल खात्याने १८७७ साली व्हीपीच्या रूपाने आणली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी व्हीपीने पुस्तकं सोडवून घेतली आहेत. तिथे पोस्टमन रोख पैसे घेई, कार्यालयात भरी आणि ते मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे जात. ऑनलाइन खरेदीत फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, तीही याच कारणासाठी: न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायला लोक तयार नव्हते. पुढे २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि २०२० च्या साथीच्या काळात नोटांना हात लावणं नकोसं झाल्यावर दारातला कोड घरोघर पोचला. पोस्टमनकडे खात्याची पावती असे, तिच्यावर क्रमांक असे. त्या पावतीच्या क्रमांकाचं काम आज `tr` करतो. दारात स्वतःचा खासगी कोड पुढे केला, की नेमका तोच क्रमांक गळून पडतो.

तर आता तो खासगी कोड. हे कसं घडतं, ते मुलाच्या बाजूने आधी पाहू. दिवसाला कितीतरी दारं करायची असतात, कंपनीचं ॲप मध्येच अडतं, कोड उमटत नाही किंवा पैसे मिळाल्याची बातमी यायला फार वेळ लागतो. मग तो म्हणतो, “ताई, माझ्या नंबरवर टाका, मी ॲपमध्ये कॅश दाखवतो.” आपण त्याच्या खात्यात १,२४९ पाठवतो, तो ॲपमध्ये ‘रोख’ दाबतो, पार्सल मिळतं. संध्याकाळी तो आपल्या खिशातली किंवा एटीएममधून काढलेली रोकड हबवर भरतो. बहुतेक मुलं हे सरळ मनाने करतात आणि बहुतेक वेळा काही बिघडतही नाही.

तरीही मी हे टाळावं असं म्हणेन, आणि त्यात त्या मुलाचंही भलं आहे. आपल्या बाजूने पाहा: कंपनीच्या दप्तरी आपण रोख पैसे दिले अशी नोंद झाली, तर आपल्या बँकेच्या नोंदीत ते एका अनोळखी माणसाला गेले. त्या दोघांना जोडणारा एकही कागद नाही. पार्सल हाती येण्याआधीच पैसे पाठवले आणि त्याने ‘ग्राहक भेटले नाहीत’ असं नोंदवलं, तर कंपनी म्हणणार की आम्हाला काहीच मिळालेलं नाही, आणि ते खोटं नसेल. त्याच्या बाजूने पाहा: महिनाभर दारोदारचे पैसे त्याच्या बचत खात्यात येत राहतात. पाठवणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्यात सायबर गुन्ह्यातला पैसा आलेला असला, तर तपासात तो पैसा पुढे कुठे कुठे गेला हे पाहिलं जातं आणि त्या साखळीतल्या खात्यांवर बँक रोख लावते. छोटे दुकानदार, हातगाडीवाले यांची खाती अशी अडकलेली आहेत. मग चारशे रुपयांच्या एका पार्सलपायी त्या मुलाचा पगारच खात्यात गोठतो. तेव्हा “तुझा कोड नको, कंपनीचा काढ, नसेल निघत तर रोख देते” हे वाक्य दारात अगदी मोकळेपणाने म्हणावं. रोख घेतली आणि ॲपमध्ये रोखच नोंदवली, तर दोन्ही नोंदी जुळतात.

याला एक अपवाद आहे. गावातलाच मसालेवाला, साडीवाली किंवा छोटा घरगुती उद्योग स्वतःच माल पोचवत असेल, तर त्याच्या छापील कोडवर मालकाचं नाव दिसणं स्वाभाविक आहे, कारण धंदाच त्याच्या नावावर असतो. तिथे विक्रेता आणि पैसे घेणारा एकच. नाव आधीच विचारून घेतलं आणि पडद्यावर तेच आलं की पुरे.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र वेगळाच आहे: कोड कंपनीचा, रक्कम बरोबर, पिनही टाकला, बँकेचा ‘१,२४९ वजा झाले’ असा एसएमएस आला आणि ॲपवर पिवळी खूण येऊन ‘पेंडिंग’. मुलाच्या ॲपवर काही नाही. इथे घाईने दुसरा कोड काढून पुन्हा पैसे देणं ही सर्वांत महागडी चूक ठरू शकते. पहिला कोड एका `tr` वर होता. दुसरा काढला की नवा `tr` तयार होतो आणि यंत्रणेच्या दृष्टीने ते दोन संपूर्ण वेगळे व्यवहार असतात. दहा मिनिटांनी पहिलाही पूर्ण झाला तर १,२४९ दोनदा गेलेले असतात आणि जास्तीचे परत मागण्यासाठी कंपनीमागे लागावं लागतं. तोच कोड पुन्हा स्कॅन केला आणि पहिला व्यवहार आधीच पूर्ण झालेला असेल, तर सहसा दुसरा प्रयत्न नाकारला जातो. नव्या कोडला ती राखण नसते.

म्हणून आधी थांबायचं. अडकलेल्या व्यवहाराचं काय झालं हे ॲप एनपीसीआयला विचारतं, पण २०२५ पासून त्यालाही मर्यादा आहेत: पहिली चौकशी ठरावीक वेळ गेल्यानंतर आणि पुढे मोजक्याच वेळा. त्यामुळे बटण दहादा दाबून उत्तर लवकर येत नाही. दोन-तीन मिनिटांत खूण हिरवी किंवा लाल झाली तर प्रश्न मिटला. नाहीच झाली आणि मुलाला पुढे जायचं असेल, तर माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे पार्सल आजच्याला परत जाऊ देणं आणि उद्या पुन्हा मागवणं. वस्तू तातडीची असेल, औषध असेल, तर रोख द्यावी, मात्र त्याच्या ॲपमध्ये रोख नोंदवल्याचा संदेश आपल्या मोबाइलवर आला का ते पाहावं आणि पेंडिंगचा पडदा जपून ठेवावा.

अडकलेल्या पैशांबाबत नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा झाली पण व्यापाऱ्याकडे व्यवहार पक्का झाल्याची बातमी पोचलीच नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. काकूंनी सोमवारी पैसे दिले असतील तर शनिवारपर्यंत ते खात्यात दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर आधी ज्या ॲपने पैसे दिले तिथल्या व्यवहारावर बोट ठेवून तक्रार नोंदवायची, मग आपल्या बँकेत, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारली जाते: त्या व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक. तो ॲपच्या इतिहासात आणि बहुतेकदा बँकेच्या एसएमएसमध्ये असतो.

उलटा प्रकारही सांगायला हवा, कारण त्यात पैसे थेट चोरीला जातात. आपण काहीच मागवलेलं नसताना पार्सल येतं, घरात वडीलधारी व्यक्ती एकटी असते, “मुलाने मागवलंय, फक्त सातशे रुपये” असं सांगितलं जातं. इथे कोड खराही असू शकतो, लुबाडणूक पार्सलमध्येच असते. मुलाला फोन करून विचारल्याशिवाय स्कॅन करायचा नाही; खरं पार्सल उद्याही येतं. दुसरा प्रकार म्हणजे “तुमचा रिफंड आहे, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील”. पैसे येण्यासाठी यूपीआयमध्ये पिन कधीही लागत नाही. पिन टाकणं म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायला परवानगी देणं, दुसरा अर्थच नाही. समोरून पैशांची मागणी पाठवून आपल्याकडून नकळत पिन टाकून घेण्याचा जुना मार्ग एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी बंद केला, पण कोडच्या रूपाने तीच युक्ती अजून चालवली जाते. असं घडून गेलंच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळवलं जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

वडीलधाऱ्यांच्या घरी आणखी एक अडचण नेहमी येते. पार्सल सांगलीत, पैसे देणारी मुलगी पुण्यात ऑफिसमध्ये. आई कोडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते आणि मुलगी गॅलरीतून तो उघडून पैसे देते. हे कधी जमतं, कधी नाही. फोटो पोचेपर्यंत डायनॅमिक कोडची मुदत संपलेली असते, आणि गॅलरीतून वाचलेल्या कोडवर ॲप रकमेची मर्यादाही कमी ठेवतात. त्यापेक्षा कुरिअरवाल्याला पैशांची लिंक पाठवता येते का हे विचारावं. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये तशी सोय असते, पण लिंक ऑर्डरमध्ये दिलेल्या नंबरवरच जाते. म्हणून आईसाठी ऑर्डर देताना पैसे कोण देणार हे आधी ठरवून त्याचाच नंबर घालावा. आईच्या हाती स्मार्टफोन असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोय अधिक बरी. तिच्यात मुलगी आपल्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकार आईच्या मोबाइलला देऊ शकते, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका वेळी ५,००० पर्यंत. मग दारातला कोड आईच स्कॅन करते.

आणि शेवटी वस्तूबद्दल. दारात स्कॅन केलं म्हणजे माल पाहून पैसे दिले, असा समज आहे. बहुतेक वेळा खोकं बंद असतानाच पैसे द्यावे लागतात आणि ते गेल्यावर यूपीआयमध्ये परत खेचण्याचं बटण नसतं. ऑर्डर देताना ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरीचा पर्याय असेल तर महागड्या वस्तूसाठी तोच घ्यावा; त्यात मुलासमोर खोकं उघडून, वस्तू पाहून मगच ओटीपी देतात. काकूंच्या कुकरचं झाकण वाकडं निघालं तर त्या कंपनीच्या ॲपमधून परत पाठवतील. पैसे त्यांनी कंपनीच्या कोडवर दिले असतील तर व्यवहाराचा क्रमांक कंपनीकडे आधीच आहे आणि रक्कम त्याच खात्यात परत पाठवता येते. रोख दिले असतील तर बँक खात्याचा तपशील नव्याने भरावा लागतो. आणि मुलाच्या खात्यात टाकले असतील, तर कंपनी रोखीच्या नोंदीवरून परतावा देईल, पण ती नोंद त्या संध्याकाळी खरंच झाली होती का, हे काकूंना ऑर्डरच्या पानावर स्वतः जाऊन पाहावं लागेल.